रात्रीचा गल्ला आणि यूपीआयचा आकडा

प्रश्न: मी बी.कॉम. झाले आहे, धायरीला राहते. आमच्या भागातल्या किराणा, डेअरी, स्टेशनरीवाल्या छोट्या दुकानदारांना साधा हिशोब लिहून देणं आणि क्यूआर वगैरे लावून देणं असं काम सुरू करायचंय. नेमकं काय करून द्यायचं आणि किती पैसे घ्यायचे? शिवाय बरेच जण म्हणतात, यूपीआय घेतलं की टॅक्स मागे लागतो. त्यांना काय सांगू?

उत्तर:

धनकवडी-बालाजीनगर पट्ट्यात मी हे काम अकरा वर्षं करतोय. त्याआधी एका सीएंकडे व्हाउचरं लावायचो. सुरुवातीला मीही क्यूआर लावून देणं हेच मुख्य काम समजत होतो. पण क्यूआर कंपन्यांची पोरं गल्लोगल्ली फिरतात आणि स्टिकर फुकट चिकटवून जातात, त्यात तुम्हाला कोणी पैसे देणार नाही. दुकानदाराला जे कोणीच देत नाही ते म्हणजे एक आकडा: आज विक्री किती झाली. मी विकतो तो हा आकडा. उधारी, जीएसटी, बँकेचं कर्ज, सगळं त्याच्यावरच उभं राहतं.

दुकानदाराला वाटतं तो आकडा त्याच्याकडे आहे. धनकवडीतल्या एका किराणावाल्या काकांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "अरे, तो यूपीआयचा डबा दिवसभर बोलतोय ना, किती आले ते? मग लिहायचं कशाला?" त्यांच्याच दुकानाचा एक दिवस मांडून दाखवतो. आकडे गोळाबेरीज करून घेतलेत, पण चित्र खरं आहे.

दुकान छोटं. किराणा, दूध, पाव, दाराशी आइस्क्रीमचा फ्रीझर, काउंटरवर रिचार्ज. रात्री साडेनऊला शटर अर्धं ओढल्यावर काकांच्या ॲपवर दिवसाची जमा दिसत होती ७,३१० रुपये. गल्ला मोजला तर ३,२६५. काकांनी दोन्हींची बेरीज केली, साडेदहा हजार, आणि म्हणाले, "आज बरा धंदा झाला."

मी वहीचं पान उघडलं आणि एकेक विचारत गेलो. सकाळी गल्ल्यात सुट्टे किती टाकले होते? दीड हजार. म्हणजे रोखीतली वाढ १,७६५ एवढीच. पण दिवसभरात गल्ल्यातून पैसे बाहेरही गेले होते. दूधवाल्याला २,१८०, हमालाला ६०, काकूंनी भाजीला २०० नेले, चहाचे ३०. एकूण २,४७०. हे पैसे विक्रीतूनच आले होते, म्हणून ते परत मिळवायचे. झाले ४,२३५.

मग मी तो प्रश्न विचारला जो दुकानदार स्वतःहून कधीच सांगत नाही: कोणी स्कॅन करून रोख नेली का? "हो, समोरच्या सोसायटीतला वॉचमन. हजार स्कॅन केले, हजार रोख दिले." आपल्याकडे एटीएम लांब असलं की किराणा दुकानच एटीएम होतं. ते हजारही गल्ल्यातून गेलेले, म्हणून मिळवले: ५,२३५. आता त्यातून उधारीची रोख वसुली वजा करायची. त्या दिवशी एका बाईंनी ४५० आणून दिले होते. तो माल मागच्या महिन्यात गेला, तेव्हाच विक्रीत धरला गेला. राहिले ४,७८५. ही त्या दिवसाची खरी रोख विक्री.

आता यूपीआयचे ७,३१०. त्यातले हजार वॉचमनचे, ती विक्री नाही. दोन हजार काकांच्या भाच्याने घरच्या कामासाठी पाठवलेले. नंबर तोच, म्हणून डब्याने तेही मोठ्याने सांगितलं. ७८० रुपये उधारीच्या वसुलीचे. उरले ३,५३०. शिवाय त्या दिवशी ४६५ रुपयांचा माल नव्याने उधारीवर गेला होता. तो डब्यालाही ठाऊक नाही आणि गल्ल्यालाही, पण विक्री आहेच.

४,७८५ अधिक ३,५३० अधिक ४६५. दिवसाची विक्री ८,७८० रुपये. काकांच्या अंदाजापेक्षा पावणेदोन हजारांनी कमी, आणि यूपीआयची खरी विक्री ॲपवरच्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी. काका बराच वेळ पानाकडे बघत होते. काकू मात्र म्हणाल्या, "मी म्हणतच होते."

हाच हिशोब शीटमध्ये टाकायचा असेल तर B मध्ये सकाळचा गल्ला, C मध्ये रात्रीचा, D मध्ये गल्ल्यातून दिलेले, E मध्ये स्कॅनच्या बदल्यात दिलेली रोख, F मध्ये रोख उधारी वसुली, G मध्ये यूपीआयची एकूण जमा, H मध्ये यूपीआयने आलेली उधारी, I मध्ये विक्री नसलेली यूपीआय जमा आणि J मध्ये नवीन उधारी:

```
=(C2-B2+D2+E2-F2)+(G2-H2-I2)+J2
```

वॉचमनचे हजार E आणि I अशा दोन्ही ठिकाणी येतात, एकदा मिळवायला आणि एकदा वजा करायला. एकाच ठिकाणी टाकलेत तर विक्री हजाराने चुकते. नवशिक्यांची ही ठरलेली चूक आहे.

दुकानदाराला मात्र शीट देऊ नका. लांब वही द्या, एका दिवसाला एक आडवी ओळ, वर हेच रकाने मराठीत. काकांसारख्या माणसांना रोजमेळ हा शब्द माहीत असतो, वडिलांच्या वहीत पाहिलेला असतो, तोच वापरा. ते वहीत लिहितात, मी आठवड्याला एकदा जाऊन शीटमध्ये उतरवतो. वहीबरोबर काउंटरवर एक खिळा ठोकून घ्या. गल्ल्यातून पैसे दिले की चिठ्ठी खिळ्याला, मग ते दहा रुपये असोत. रात्री आठवून लिहिणं सुरू झालं की वही मेली असं समजा. ओळखायचं कसं? सगळ्या आकड्यांच्या शेवटी शून्य दिसायला लागतात. खरा गल्ला कधी तीन हजार सपाट नसतो, तो ३,२६५ असतो.

पहिले पंधरा दिवस रोज रात्री जावं लागतं, हे धरून चाला. त्यानंतर आठवड्याला एक भेट पुरते. भेटीची वेळ दुपारी चारची ठेवा, दुकान नुकतं उघडत असतं आणि गिऱ्हाईक नसतं. दुपारच्या झोपेत गेलात तर पुण्यात काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

महिन्याच्या शेवटी एक पडताळणी करायचीच: महिन्याची खरेदी आणि महिन्याची विक्री शेजारी ठेवायची. काकांची विक्री महिन्याला साधारण २ लाख ६३ हजार आणि खरेदी २ लाख ३५ हजार असायची, म्हणजे २८ हजार सुटायचे. किराण्यात दहा-अकरा टक्के हे शोभतं. (महिन्याच्या सुरुवातीला आणि शेवटी दुकानात माल साधारण सारखाच असेल तर. दिवाळीआधी माल भरून ठेवलेला असतो, तेव्हा ही तुलना फसते.) तिसऱ्या महिन्यात मात्र विक्री खरेदीपेक्षाही कमी दिसली. माल तर संपत होता. मग पैसे कुठे जात होते?

मी दुकानात उभा राहून नुसतं बघत बसलो. अर्ध्या तासात सापडलं. फ्रीझरच्या बाजूला, आइस्क्रीमच्या भावफलकाखाली, एक जुना फिकट क्यूआर चिकटलेला होता. दोन वर्षांपूर्वी काउंटरचा डबा बिघडला तेव्हा काकांच्या मुलाने स्वतःच्या मोबाइलचा कोड तात्पुरता लावला होता. दारातले लोक आइस्क्रीम घेऊन तिथूनच स्कॅन करून निघून जायचे. पैसे मुलाच्या पगाराच्या खात्यात. मुलाने चोरी केली नव्हती, त्याला वाटत होतं मित्रांचेच छोटे-मोठे पैसे येतायत. पण दुकानाची विक्री त्याच्या खात्यात जमा होत होती आणि उद्या कोणी विचारलं असतं तर उत्तर त्याला द्यावं लागलं असतं.

म्हणून क्यूआरचं काम मी शेवटी करतो. आधी दुकानात आणि घरात किती कोड, किती नंबर, किती खाती आहेत ते लिहून काढतो. दुकानाला एक वेगळं खातं, शक्यतो चालू खातं, आणि त्यालाच जोडलेला व्यापारी क्यूआर. स्कॅन केल्यावर गिऱ्हाइकाला दुकानाचं नाव दिसलं पाहिजे. चालू खात्याला बँक धंद्याचे कागद मागते. उद्यम नोंदणी फुकट होते, आणि शॉप ॲक्टखाली वीसपेक्षा कमी कामगार असतील तर नुसती ऑनलाइन सूचना द्यावी लागते. हे दोन कागद आणि पॅन एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. भाचा, मुलगी, भिशी, सगळे घरचे पैसे काकांच्या जुन्या बचत खात्यावर. हे एवढं केलं की वरच्या हिशोबातला I हा रकाना बहुतेक दिवस रिकामा राहतो.

खात्याच्या पासबुकाशी ॲपचा ताळा लावताना एक गोष्ट लोकांना छळते. कंपनीचा क्यूआर असेल तर दिवसभराचे पन्नास व्यवहार बँकेत एकाच ठोक रकमेने जमा होतात, आणि रात्री उशिराचे व्यवहार दुसऱ्या दिवशीच्या रकमेत जातात. डब्याचं भाडं, महिन्याला शंभर-सव्वाशे, कधी त्यातूनच कापून घेतात. त्यामुळे बँकेतली रक्कम ॲपपेक्षा थोडी कमी दिसली की दुकानदार म्हणतो, "यूपीआयवर कमिशन कापतात." बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय पेमेंटवर दुकानदाराला जानेवारी २०२० पासून शुल्क नाही. कापलं गेलंय ते डब्याचं भाडं, किंवा कोणी क्रेडिट कार्ड जोडून मोठी रक्कम दिली असेल तर त्यावरचं शुल्क. कोणत्या तारखेला किती, हे त्यांना पासबुकात बोट ठेवून दाखवा. डबा परत केला तरी भाड्याचा ऑटोपे चालूच राहतो, हेही मी दोन दुकानांत पाहिलंय. डबा देताना ऑटोपे रद्द केल्याचा स्क्रीन स्वतः बघा.

रोज सकाळी शटर उघडल्यावर स्वतःचाच कोड स्वतः स्कॅन करून नाव वाचायचं, ही सवय लावा. पैसे पाठवायचे नाहीत, फक्त नाव वाचायचं. रात्रीतून वर दुसरा स्टिकर चिकटवणारे असतात. आणि गिऱ्हाइकाने दाखवलेला हिरवा टिक हा पुरावा नव्हे. डबा बोलला किंवा ॲपमध्ये जमा दिसली, तरच माल द्यायचा.

आता ते वॉचमनचे हजार. ओळखीच्या माणसाला हजार रुपये दिले तर हिशोबात एक ओळ वाढते, एवढंच. पण अनोळखी माणूस येऊन "दहा हजार स्कॅन करतो, रोख द्या, वर शंभर ठेवा" म्हणाला तर सरळ नाही म्हणायला शिकवा. माझ्या एका स्टेशनरीवाल्याने असे पैसे दिले होते. स्कॅन झालेली रक्कम कुठल्या तरी ऑनलाइन फसवणुकीतली निघाली. फसलेल्या माणसाने १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, पैशाचा माग निघाला आणि त्याच्या खात्यातली तेवढी रक्कम बँकेने रोखून धरली. सायबर पोलिसांचं पत्र दुसऱ्या राज्यातलं. रोख देऊन टाकलेली, खात्यातले अडकलेले, आणि सोडवायला अर्ज, बिलं, स्टेटमेंटं. बिल कशाचं दाखवणार, माल विकलाच नव्हता. तीन महिने गेले. तेव्हापासून माझ्या दुकानांत अनोळखी माणसाला स्कॅनवर रोख नाही, असा नियम आहे.

टॅक्सच्या भीतीबद्दल. ती हवेतून आलेली नाही. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयच्या जमेवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या, आणि बंगळुरूत काही दुकानांवर 'फक्त रोख' असे कागद लागले. त्या बातम्या व्हॉट्सॲपवरून इकडेही पोचल्या. काकांनी मला त्याच आठवड्यात फोन केला होता, "डबा बंद करू का?"

मी त्यांना जे सांगितलं तेच तुम्ही सांगा. यूपीआयवर वेगळा टॅक्स नाही. विक्री रोखीत केली तरी कायद्याने ती विक्रीच आहे. फरक एवढाच की यूपीआयची जमा दिसते, आणि बघणाऱ्याला त्यातलं वॉचमनचं काय आणि भाच्याचं काय ते कळत नाही. तो सगळ्यालाच विक्री धरतो. काकांच्या त्या दिवसात ३,५३० ऐवजी ७,३१०. हे वेगळं करून दाखवणारा एकच कागद असतो, तो म्हणजे रोजची वही.

प्राप्तिकराची भीती तर आकडा मांडला की बहुतेक जाते. काकांची वर्षाची विक्री ८,७८० गुणिले ३६०, म्हणजे साडेएकतीस लाखांच्या थोडी वर. अंदाजित उत्पन्नाची जी तरतूद जुन्या कायद्यातल्या ४४एडी या नावाने सगळ्यांना पाठ आहे, तिच्यात रोखीच्या विक्रीवर ८ टक्के आणि डिजिटल जमेवर ६ टक्के उत्पन्न धरतात. काकांची वसुली साधारण निम्मी-निम्मी, म्हणजे उत्पन्न सव्वादोन लाखांच्या आसपास. खरा नफा त्याहून जास्त असेल तर जास्तच दाखवायचा. पण नव्या कररचनेत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, त्यामुळे काकांना कुठल्याही बाजूने कर लागत नाही. उलट यूपीआयच्या जमेवर उत्पन्न आठऐवजी सहाच टक्के धरलं जातं. हे सांगितलं की दुकानदार दोनदा विचारतो, "नक्की?"

जीएसटी मात्र वेगळं प्रकरण आहे, आणि इथे काकांचा घोटाळा निघाला. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. काका साडेएकतीस लाखांवर, म्हणून निवांत. पण ती ४० लाखांची सवलत देणाऱ्या २०१९ च्या अधिसूचनेत काही वस्तू विकणाऱ्यांना वगळलंय: आइस्क्रीम, पानमसाला आणि तंबाखूचे पदार्थ. बनवणारे नव्हे, विकणारे. दाराशी फ्रीझर आहे किंवा काउंटरवर सिगारेटची पाकिटं आहेत, तर मर्यादा २० लाखांची. रिचार्जचं कमिशन ही सेवा झाली, त्यामुळे 'फक्त माल' ही अटही हलते. म्हणजे काकांना दोन बाजूंनी २० लाखांचीच मर्यादा लागू होती आणि ती त्यांनी कधीच ओलांडली होती.

आणखी एक गैरसमज: दुधावर जीएसटी नाही, सुट्या धान्यावर नाही, मग ते मोजायचं कशाला? कर नसला तरी मर्यादा मोजताना ती विक्री धरावी लागते. फक्त करमाफ मालच विकणारा, समजा नुसती भाजी, तो नोंदणीतून सुटतो. दूध, डाळ आणि साबण एकत्र विकणारा सुटत नाही.

हे लक्षात आल्यावर मी काही भरलं नाही, काकांना घेऊन सीएंकडे गेलो. मर्यादा ओलांडल्यानंतरच्या काळाचं काय करायचं हा निर्णय त्यांचा, तो आपला प्रांत नाही. काकूंना फ्रीझर काढून टाकायचा होता, कारण विजेचं बिल जाता त्यात वर्षाला पंधरा हजारही सुटत नव्हते. पण विक्री दरवर्षी वाढत होती आणि दोनेक वर्षांत ४० लाखही आलेच असते. शेवटी कंपोझिशन योजनेत नोंदणी केली. दीड कोटीपर्यंतच्या व्यापाऱ्याला ती मिळते, आणि करपात्र विक्रीवर १ टक्का भरायचा असतो. आइस्क्रीम बनवणाऱ्याला ही योजना नाही, विकणाऱ्याला आहे. दूध आणि सुटं धान्य मिळून बारा लाख वजा केले तर करपात्र विक्री साडेएकोणीस लाखांच्या आसपास, कर वर्षाला साडेएकोणीस हजार. तिमाहीला पाच हजारांच्या आत. पोर्टलवर दर तिमाहीनंतरच्या महिन्याच्या १८ तारखेपर्यंत CMP-08 हे तिमाहीचं विवरण, आणि GSTR-4 हे वर्षाचं विवरण जूनअखेर.

हा टक्का काकांच्या खिशातून जातो, गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही, आणि खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावटही मिळत नाही. बिलावर आणि दुकानाच्या पाटीवर कंपोझिशनचा उल्लेख लागतो. पाटी रंगवायला काका दोन महिने टाळाटाळ करत होते, "गिऱ्हाईक काय म्हणेल." गिऱ्हाइकाने आजवर ती वाचलेली नाही.

कंपोझिशनमध्ये दुधाची विक्री वेगळी लिहिलेली असली तरच तेवढा कर वाचतो. म्हणून काकांच्या वहीत दुधाचा एक रकाना वाढला. सुट्या धान्याचं रोज लिहिणं कोणालाच जमत नाही, तिथे मार्केट यार्डातल्या भुसार खरेदीची पक्की बिलं ठेवून त्यावरून महिन्याचा आकडा काढतो. बिलं मागायला काकांना अजून जिवावर येतं, म्हणून टेम्पोवाल्यालाच सांगून ठेवलंय की बिल आणल्याशिवाय पोती उतरवायची नाहीत.

तुमच्या कक्षेबद्दल: वही, ताळा, उधारीची यादी, क्यूआर, उद्यम, शॉप ॲक्टची सूचना, हे सगळं तुम्ही निःशंक करा. जीएसटीची विवरणपत्रं दुसऱ्यासाठी अधिकृतपणे भरायची असतील तर कॉमर्सच्या पदवीवर जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नाव नोंदवता येतं. पोर्टलवर PCT-01 हा अर्ज भरायचा आणि नंतर परीक्षा द्यायची. ती द्या, कारण नाहीतर दुसऱ्याचं लॉगिन वापरण्याची वेळ येते. ऑडिट, नोटिशीला उत्तर, मागचं थकलेलं, हे सीएंकडे. एका सीएंशी आधीच बोलून ठेवा, म्हणजे दुकानदाराला घेऊन गेल्यावर दारात ताटकळावं लागत नाही.

पैशाचं. माझे दर सांगतो, धायरीत थोडं खालीवर होईल. सुरुवातीची मांडणी, म्हणजे खाती वेगळी करणं, क्यूआर, वही आणि पहिले पंधरा दिवस, याचे मी दीड हजार घेतो. नंतर महिन्याला सातशे, दुकानदार स्वतः वही लिहीत असेल तर. मलाच चिठ्ठ्यांवरून लिहावं लागलं तर बाराशे. जीएसटीचं काम वेगळं. पहिला महिना फुकट देऊ नका. फुकटच्या महिन्यात कोणी चिठ्ठी खिळ्याला लावत नाही. दुकानं चालत फिरता येतील इतक्या जवळची घ्या, कारण दर भेट पाऊण तासाची आणि हातात पडतात महिन्याला सातशे. सिंहगड रोडवरच्या ट्रॅफिकमध्ये दोन दुकानांच्या मध्ये तास गेला तर हिशोब बसणार नाही. माझ्याकडे आता बावीस दुकानं आहेत, त्याच्यापुढे मला एकट्याला जमत नाही.

एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पाळा. दुकानदाराचा यूपीआय पिन तुमच्यासमोर टाकला जात असेल तर मान फिरवा, आणि ओटीपी त्यालाच वाचून त्यालाच टाकू द्या. कुठल्याही नोंदणीत, बँकेत असो वा जीएसटीत, स्वतःचा मोबाइल नंबर किंवा ईमेल घालू नका, दुकानदार कितीही म्हणाला "तुझाच टाक, मला काय कळतंय." माझ्याकडे आलेल्या तीन दुकानांचं जीएसटी लॉगिन आधीच्या माणसाच्या नंबरवर अडकलेलं होतं. त्यातल्या एकाचा तो माणूस पुणं सोडून गेला होता, आणि नंबर बदलून घेण्यासाठी दुकानदाराला दुकान बंद ठेवून येरवड्याच्या जीएसटी भवनात जावं लागलं.